चूलबंदी आणि संयुक्ताचं नाक

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हातात येईपर्यंत या देहाला अन्नाची गरज भासणार नाही!"

सत्तावन सालच्या डिसेंबरातल्या एका रात्री, आठ वाजण्याच्या सुमाराला, परळच्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून नाना साळसकरांनी ही घोषणा केली. खाली चौकात सत्तर-ऐंशी माणसं बसली होती. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर खालून धोंडू घाडीचा आवाज आला, "नाना, उद्या संध्याकाळी सहापर्यंतच ठरलंय."

"तेच," नाना म्हणाले. "तत्त्वतः सांगितलं."

दत्ताराम साळसकर ऊर्फ नाना आमच्या चाळ समितीचे चिटणीस. चाळीस वर्षं मिलच्या साचा खात्यात काढली, तिथे कानांवर साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट बसल्यामुळे ते साधं "मीठ द्या" हेदेखील सभेत बोलल्यासारखं बोलत. दुसऱ्या दिवशीच्या लाक्षणिक उपोषणाचा ठराव त्यांनीच लिहिला होता. सूर्योदयापासून संध्याकाळी सहापर्यंत चाळीच्या बेचाळीस खोल्यांपैकी एकाही खोलीत चूल, शेगडी किंवा स्टो पेटणार नाही. आजारी, म्हातारे, मुलं आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना सूट. पण त्यांनी खायचं ते आदल्या रात्री करून ठेवलेलं. पाणी चालेल. चहा चालणार नाही. चहाच्या कलमावर पाऊण तास चर्चा झाली होती. शेवटी 'चहा हे अन्न नसून व्यसन आहे, तथापि ते सोडणे हा त्याग आहे' अशी शब्दरचना करून नानांनी ते कलम पार पाडलं होतं.

ठरावाची अंमलबजावणी धोंडू घाडीकडे दिली होती. धोंडूने पंचवीस वर्षं मिलच्या गेटवर पहारा केलेला. कुणाच्या खिशात विडी आहे, कुणाच्या डब्यात सुकट आहे, हे त्याला माणूस वीस पावलांवर असताना कळे. असं नाक समितीच्या कामाला लागल्यावर बेचाळीस खोल्यांत कुणाचं काही चालण्यासारखं नव्हतं.

तर अशी सगळी तयारी झाली. उपोषणाचा दिवस उजाडला आणि नानांचं म्हणणं सर्वांत मनावर घेतलं ते त्यांच्या अडीच महिन्यांच्या नातीने.

नातीचं पाळण्यातलं नाव संयुक्ता. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं होतं, त्यामुळे घरात तिला सगळे चिमी म्हणत. चिमीने पहाटे दूध घेतलं नाही. सात वाजता घेतलं नाही. आठ वाजता तिची आई बकुळा तिला घेऊन भिंतीला पाठ टेकून बसली, तेव्हा चिमीने अधाशासारखं तोंड लावलं, दोन घोट ओढले, सोडलं, लालबुंद झाली आणि अशी किंचाळली की पलीकडच्या खोलीतल्या शेवंतीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "काय गो, टोचलंस की काय तिला?"

"नाही गं, घेतच नाही!" बकुळा रडवेली होऊन ओरडली.

नाना पांढरी टोपी घालून आरशासमोर उभे होते. ते आधी थोडे सुखावले. "बघ," ते बायकोला म्हणाले, "रक्तात आहे."

"रक्तात काय्येक नाय. दुधात आहे," कमलाबाई म्हणाल्या.

कमलाबाईंना स्वतःला चार दिवस सर्दी होती. पदराने नाक पुसत त्यांनी निदान सांगून टाकलं. रात्री बकुळाने केस धुतले. सकाळी शिळा भात दह्याशी खाल्ला, कारण चूलबंदी. थंड खाल्लं, दूध थंड झालं, थंड दूध पोरीला नको झालं. आता ते दूध काही सुधारायचं नाही. पेटीखाली पावडरच्या दुधाचा डबा होता, शेवंतीच्या भावाने गोदीतून आणून दिलेला. काचेची बाटलीही होती. आजपासून चिमी बाटलीवर.

"आई, दूध चांगलं आहे हो," बकुळा म्हणाली. "पान्हा फुटतोय. पदर भिजलाय माझा."

"भिजूदे. नासक्या दुधानेसुद्धा पदर भिजतो."

बकुळाने पदर सावरला. तिचं हे पहिलंच मूल. पहिला आठवडा चिमीला पकडायलाच येत नव्हतं आणि बकुळाला धरायला. दोघी मिळून रडल्या होत्या. प्रसूतिगृहातल्या नर्सने चार दिवस रोज शेजारी बसून शिकवलं तेव्हा कुठे जमलं. आता दिवसातून आठ-नऊ वेळा चिमी दूध पिताना एक डोळा उघडा ठेवून आईकडे बघायची, आणि त्या एका डोळ्यासाठी बकुळा बाकीच्या सासरला सांभाळून घेत होती. बाटली आली की हे संपलं, हे तिला कळत होतं. एकदा बाटली लागली की अंगावरचं आटतं, हे शेवंतीचं दोनदा झालेलं तिने पाहिलं होतं.

"निदान चमच्याने तरी देऊन बघते," ती म्हणाली. तिने धुतलेल्या वाटीत थोडं दूध काढलं आणि चिमीला मांडीवर उभं धरून चमच्याने पाजलं. चिमीने तो चमचा, पुढचा चमचा आणि वाटीतलं सगळं संपवलं, आणि वाटीकडे रागाने पाहिलं. पुन्हा छातीशी धरलं. दोन घोट, फुर्र, किंचाळी.

"बघितलंत? चमच्याने माझंच दूध प्याली!"

"भूक लागली की माणूस कायपण पितो," कमलाबाई म्हणाल्या आणि डबा काढायला पेटीखाली वाकल्या. पावडर कालवायची तर उकळलेलं पाणी हवं. पाणी उकळायचं तर स्टो हवा. त्यांनी स्टोकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

नानांच्या चेहऱ्यावरचं समाधान एव्हाना उतरलं होतं. काल रात्री गॅलरीत आपण तोंडाने काय बोललो ते त्यांना आठवत होतं. 'या देहाला' असं म्हटलं होतं. 'या घराला' असं तर निसटलं नाही ना? तसे ते देवभोळे नव्हते. पण चाळीस वर्षं बोलून कधी काही घडलं नव्हतं, आणि हे एवढं एकच घडायचं होतं का?

"लहान मुलांना सूट आहे," ते पुटपुटले.

"मुलांना सूट आहे. स्टोला आहे काय?"

ठरावात स्टोला सूट नव्हती. तसं कलम धोंडूने सुचवलं होतं आणि नानांनीच ते हाणून पाडलं होतं. "एक स्टो पेटला की बेचाळीस पेटतात," असं ते बोलल्याचं इतिवृत्तात नोंदलेलं होतं.

"मी तातडीची बैठक बोलावतो," नाना म्हणाले. "दुरुस्ती मांडतो. गणसंख्या भरली तर अर्ध्या तासात..."

बकुळाने पुढचं ऐकलं नाही. ती चिमीला खांद्यावर घेऊन गॅलरीत आली होती. खालून, खांद्याला काळी पिशवी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अशी अंबिका कांबळे रात्रपाळी संपवून घरी निघाली होती.

"अंबिकाताई!" बकुळाने हाक मारली. "जरा वर याल? चिमी पीत नाही!"

अंबिका म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहातली नर्स. बकुळाला चार दिवस शेजारी बसून शिकवणारी तीच. पलीकडच्या गल्लीत भावाकडे, गुणाजीकडे, राहत होती. चाळीतल्या निम्म्या पोरांचं पहिलं रडणं तिने ऐकलेलं. पण चाळीच्या जिन्यावर ती फारशी चढलेली नव्हती. तिला तसं कुणी येऊ नका म्हटलेलं नव्हतं. या म्हटलेलंही नव्हतं. गेल्या वर्षी ती घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, तेव्हा नानांनी सभेत त्या सोहळ्याचं जाहीर अभिनंदन केलं होतं. घरी चहाला बोलावायचं मात्र राहून गेलं होतं.

अंबिका वर आली. दारात बूट काढले आणि विचारलं, "हात धुवायला पाणी?"

कमलाबाईंनी हंड्याकडे पाहिलं. सवयीने तांब्या उचलला, वरून धार धरायला. मग चिमी पुन्हा किंचाळली. कमलाबाईंनी तांब्या अंबिकाच्या हातात दिला. "मोरीत साबण आहे," त्या म्हणाल्या. "हंडा तो. घ्या हवं तेवढं."

अंबिकाने कोपरापर्यंत हात धुतले. चिमीला चटईवर ठेवून झबलं वर केलं आणि पदराला टाचलेलं घड्याळ हातात धरून ती नुसती बघत बसली. एक मिनिट कुणी बोललं नाही. नानांना एवढा वेळ गप्प बसायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बेचाळीस," अंबिका म्हणाली. "श्वास ठीक आहे. बरगड्या आत ओढल्या जात नाहीत. अंग गरम नाही. लंगोट किती भिजले रात्रीपासून?"

"चार," बकुळा म्हणाली. "हा पाचवा."

"मग पाणी पोटात जातंय. चमच्याने दिलंस?"

"दिलं. प्याली. पण अंगावर घेतलं की दोन घोटांत सोडते."

"घे बघू आत्ता. मला बघू दे."

बकुळाने घेतलं. अंबिका गुडघ्यांवर बसून चिमीच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत राहिली. दोन घोट. फुर्र. किंचाळी.

"दूध थंड झालंय," कमलाबाई म्हणाल्या.

"काकू, दूध आईच्या अंगातलं. ते आईच्याच अंगाइतकं गरम असणार. दह्याने काय होतंय?" अंबिका हसली. "नाक बंद आहे हिचं. तुमची सर्दी तिला दिलीत तुम्ही. एवढं लहान मूल नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायचं अजून नीटसं कळत नाही. छातीला लागलं की तोंड बंद. नाकही बंद. मग श्वास घ्यायला सोडावं लागतं, आणि सोडलं की भूक. म्हणून ओरडते. चमच्याने पिताना मध्ये मध्ये तोंड मोकळं मिळतं, म्हणून ते जमतं."

"मग बाटली?"

"बाटलीचंही रबरी बूच तोंडातच जाणार ना? तिथेही हेच होईल. वर पावडरीचा खर्च आणि बाटल्या उकळत बसा."

कमलाबाईंनी डबा हळूच पायाने पेटीखाली सरकवला. पण हार मानायची तर आपल्या पद्धतीने. "मग खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडते नाकात. माझ्या सगळ्या पोरांना सोडलं."

"तेल नको. तेल घशातून छातीत उतरलं तर फुप्फुसात बसतं, निघत नाही. मिठाचं पाणी सोडायचं. तेवढंच. ड्रॉपर आणि रबरी फुगा आहे माझ्या पिशवीत, पण उकळावा लागेल. आणि पाणीही उकळलेलंच हवं. स्टो पेटवा."

नानांनी स्टोकडे पाहिलं.

"आज," नाना म्हणाले, "चूलबंदी आहे."

"हो का? मी रात्रभर कामावर होते. आमच्या गल्लीत नाही आज, उद्या आहे." अंबिकाने घड्याळ पुन्हा पदराला टाचलं. "कुणी ठरवलं?"

नानांनी टोपी नीट केली. कमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि ज्या रीतीने पाहिलं त्यातून अंबिकाला कळलं.

बकुळा लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देता वावरली होती. ती आता चिमीला छातीशी धरून उठली आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही बैठक घ्या. ठराव करा. दुरुस्ती करा. मी शेजारच्या चाळीत जाते, तिथे पेटवते."

नानांनी टोपी काढली. खुंटीला लावली. ते खाली बसले, स्टो पुढे ओढला, पिनने भोक साफ केलं, वाटीत स्पिरिट ओतलं, काडी ओढली आणि पंप मारायला लागले. चाळीस वर्षांत त्यांनी हे काम कधी केलेलं नव्हतं. तरी तिसऱ्या पंपाला निळी ज्योत उभी राहिली आणि स्टो घोंघावू लागला.

"आवाज केवढा करतो हा," नाना म्हणाले. ही तक्रार त्यांच्या तोंडून ऐकून कमलाबाईंना हसू आलं.

पातेल्यात पाणी उकळायला लागलं. दुसऱ्या भांड्यात अंबिकाने काचेचा ड्रॉपर आणि तांबड्या रबराचा, पेरूएवढा, चोच असलेला फुगा टाकला आणि पाच मिनिटं खळखळ उकळू दिला. उकळलेलं पाणी तिने आपल्या पिशवीतल्या औंसाच्या खुणा असलेल्या ग्लासने मोजून वीस औंस भरलं. "मीठ बारीक द्या. खडे नकोत. चहाचा एक चमचा, बोटाने सपाट करून."

"एवढंच?" कमलाबाईंनी विचारलं. "त्याने काय होणार?"

"जास्त घातलं तर झोंबेल. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट असावं. आपलं अंग तेवढंच खारट असतं, म्हणून टोचत नाही." तिने भांड्यावर झाकण ठेवून ते गार पाण्याच्या परातीत ठेवलं. "आता थांबायचं. कोमट झाल्याशिवाय नाही."

तेवढ्यात दारात धोंडू घाडी उभा राहिला. नाकपुड्या फुगलेल्या, डोळे मिटलेले.

"रॉकेल," तो म्हणाला. मग डोळे उघडले, स्टो पाहिला, स्टोशेजारी बसलेले समितीचे चिटणीस पाहिले. "नाना! तुम्ही?"

"धोंडू, पोरीचं नाक बंद आहे."

"नाक? नाकाला स्टो कशाला? माझ्या पुतण्याचं पण नाक बंद आहे, त्याने पेटवला का?"

नानांनी खुलासा करायला तोंड उघडलं. पण खुलासा 'ज्याअर्थी'पासून सुरू होणार हे ओळखून अंबिकाने तांब्याभर पाणी भरून धोंडूच्या हातात दिलं.

"धोंडूमामा, पाणी चालतं ना उपासाला?"

"पाणी चालतं. कलम चार."

"मग हे प्या. तांब्या तोंडापासून न काढता. फक्त एक हात नाकावर. घट्ट दाबा."

धोंडूने इकडे-तिकडे पाहिलं. यात काही डाव आहे का ते हुंगून पाहिलं. मग उभ्या उभ्या, चाळीच्या इभ्रतीसाठी, नाक दाबून तांब्या तोंडाला लावला. एक घोट. दोन. तीन. चौथ्याला डोळे मोठे झाले, पाचव्याला त्याने तांब्या दूर केला आणि हा-हा करत श्वास घेतला. सदरा ओला झाला.

"आता ओरडावंसं वाटतंय?" अंबिकाने विचारलं.

"वाटतंय."

"तिलाही तेच वाटतं. तिला पहाटेपासून वाटतंय."

धोंडूने सदरा झटकला. चिमीकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ज्या नाकावर पोट भरलं त्या नाकाशिवाय एका मिनिटात आपली काय गत झाली हे त्याला नव्याने कळलं होतं. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. बाहेरून त्याचा आवाज आला, "काही नाही, काही नाही. औषधाचं काम आहे. वास येत नाहीये. मला येत नाहीये तर तुला कसा येतो रे?"

पाणी कोमट झालं. अंबिकाने दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहिले. चिमीला तिने मऊ लुगड्याच्या तुकड्यात हात आत घेऊन गुंडाळलं, बकुळाच्या मांडीवर उताणं ठेवलं, मानेखाली चार बोटं घडी दिली.

"उजवीकडे दोन थेंब. आत खुपसायचं नाही, वरून सोडायचे. आता डावीकडे दोन."

चिमीने भुवया चढवल्या. हा अपमान आहे की गंमत, हे तिचं ठरेना.

"आता एक मिनिट थांबू. वाळलेला शेंबूड सुटायला वेळ द्यायचा. नुसतं ओढलं तर आतली चामडी सुजते आणि नाक आणखी बंद होतं."

दुरुस्ती लिहायला काढलेला ठराव हातात धरून नाना मिनिट मोजत होते. त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली तेव्हा कमलाबाईंनी डोळे वटारले, मग ते मनात मोजू लागले, ओठ हलवत.

अंबिकाने फुगा हातात घेतला. "हे नीट बघ, बकुळा. फुगा आधी दाबायचा, नाकापासून लांब. नाकात गेल्यावर दाबलास तर हवा आत जाईल, सगळं आत ढकललं जाईल. दाबलेलाच फुगा नाकाच्या तोंडाशी लावायचा. तोंडाशी, आत नाही. आणि हळूच सोडायचा."

फुगा हळू फुलला. सुर्रर्र असा बारीक आवाज झाला. अंबिकाने तो फडक्यावर दाबला. जे निघालं ते पाहून कमलाबाई म्हणाल्या, "अगो बाय माझे! एवढ्याशा नाकात एवढं?"

"आता डावीकडचं तू कर."

बकुळाने फुगा घेतला. लांब दाबला. टोक लावलं. सोडला. काही आलं नाही. तिने घाबरून अंबिकाकडे पाहिलं.

"आणखी एक थेंब घाल. घाई कसली? पाणी आपलंच आहे."

एक थेंब. पुन्हा थांबणं. पुन्हा फुगा. या वेळी सुर्रर्र झालं. आणि त्याच वेळी चिमीला शिंक आली. फुग्याने जे अर्धं ठेवलं होतं ते शिंकेने पूर्ण केलं. ते नानांच्या सदऱ्यावर आणि त्यांच्या हातातल्या ठरावाच्या कागदावर पडलं. नेमकं चूलबंदीच्या कलमावर.

"दुरुस्ती आली," कमलाबाई म्हणाल्या.

अंबिकाने चिमीचं नाक टिपलं आणि तिला बकुळाकडे दिलं. "डोकं जरा वर ठेवून घे. घाबरू नकोस. तू घाबरलीस की ती घाबरते."

बकुळाने पदर ओढून घेतला. चिमीने तोंड लावलं. एक घोट. दोन घोट. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. दाराबाहेर धोंडूनेही रोखला असावा, कारण तिथलंही बोलणं थांबलं. तिसरा घोट. चौथा. गुटुक, गुटुक, असा आवाज यायला लागला आणि मधून मधून नाकातून बारीकसा सूं सूं. पंधरा-वीस घोट झाले. मग चिमीने एक डोळा उघडला आणि आईकडे पाहिलं.

बकुळा रडायला लागली. हसतही होती. कमलाबाईंनी आपलंच नाक जोरात शिंकरलं.

"तोंडावर पदर धरा हं काकू, पोरीजवळ आलात की," अंबिका म्हणाली. "आणि हात धुवा. बकुळा, पाजायच्या पंधरा मिनिटं आधी हे करायचं, पाजल्यावर नाही, उलटेल. थेंब घालशील तेवढे घाल, पण फुगा दिवसातून तीन-चार वेळाच. पाणी उद्या नवीन करायचं, हे उरलेलं टाकून द्यायचं. फुगा साबणाने धुवून रोज उकळ. सर्दी याने बरी होत नाही, ती आपली आठवडाभर राहील; पण पिता येईल, झोपता येईल. आणि एक लक्षात ठेव. अंग तापलं, श्वास धापा टाकल्यासारखा झाला, बरगड्या आत जायला लागल्या, ओठ निळसर दिसले, किंवा नाक मोकळं करूनही प्यायली नाही, तर थेंब घालत बसायचं नाही. तडक दवाखाना. ठराव नाही, बैठक नाही."

"नाही," नाना म्हणाले.

"फुगा ठेव आठ दिवस. माझा स्वतःचा आहे, म्युनिसिपालिटीचा नाही. परत देताना उकळून दे."

एव्हाना दार ढकलून धोंडू आत आला होता. "नाना, खाली लोक जमलेत. स्टोचं कळलंय त्यांना. शेवंतीने भिंतीतून ऐकलं सगळं. काय सांगू?"

नाना उभे राहिले. सदऱ्यावरचं फडक्याने पुसलं, ओला ठराव सरळ केला आणि गॅलरीत गेले. चौकात पन्नास-साठ उपाशी माणसं वर बघत होती.

"बंधू-भगिनींनो!" नाना म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, चिमी पीत होती, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली आणला. "चाळीत आज एक स्टो पेटला. तो मी पेटवला. माझी नात भुकेली होती, तिचं नाक बंद होतं. अंबिकाबाई कांबळे आल्या, त्यांनी ते मोकळं केलं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या घरी स्टो पेटवायला आजपासून कुणाची परवानगी लागणार नाही. ज्यांना विरोध असेल त्यांनी हात वर करावा. हात वर करणाऱ्याने आधी नाक दाबून तांब्याभर पाणी प्यावं, धोंडू दाखवेल."

कुणी हात वर केला नाही. मग मागून कुणीतरी "संयुक्ता झिंदाबाद!" असं ओरडलं. नक्की कोण झिंदाबाद, हे न विचारता सगळ्यांनी साथ दिली.

नाना आत आले तेव्हा त्यांची छाती चार बोटं रुंद झाली होती. चिमी आईच्या खांद्यावर ढेकर देऊन झोपली होती. नाक सूं सूं वाजत होतं, पण वाजत होतं. स्टो अजून घोंघावत होता. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घड्याळात साडेनऊ झाले होते. उपोषणाला सुरुवात होऊन अडीच तास.

अंबिका पिशवी आवरत होती. कमलाबाई फळीवरून कपबशी काढत होत्या. फळीवरच्या ज्या रांगेतून नानांसाठी काढत, त्याच रांगेतून. "बसा," त्या म्हणाल्या. "रात्रभर जागलात. उपाशी जायचं नाही माझ्या घरातून. तुमच्या गल्लीची चूलबंदी उद्या आहे ना?"

"उद्या," अंबिका म्हणाली, आणि चटईवर बसली.

नाना भिंतीला टेकून उभे होते. ते काहीतरी मोठं बोलणार असं वाटत होतं. त्यांनी घसा साफ केला. पातेल्यात आधण चढलं होतं, आल्याचा वास सुटला होता, आणि तो वास दाराशी उभ्या असलेल्या धोंडूने छातीभर ओढून घेतला व डोळे मिटले.

"सूनबाई," नाना दबक्या आवाजात म्हणाले, "सासूबाईंना सांग... आधण ठेवलंच आहे तर अर्धा कप माझाही. धोंडू बघत नाहीये."

"अर्धा माझाही," डोळे न उघडता धोंडू म्हणाला.